एक घरचा, दोन बाजारचे

आमच्याकडे क्लूडो, हा खुनाचा छडा लावायचा पटावरचा खेळ, मांडला की कागद-पेन्सिल तिघांपुढे ठेवली जाते आणि लिहितो मी एकटाच. चिन्मय, माझा भाचा, पहिल्या दोन पाळ्या खुणा करतो आणि मग कागदाच्या कडेला गाड्यांची चित्रं काढत बसतो. आत्या कागदाची घडी घालून कपाखाली ठेवते, म्हणजे चहाचा डाग टेबलावर पडत नाही. मी मात्र पेशानं हिशेबनीस. तक्त्यात रकाना रिकामा दिसला की मला झोप येत नाही.

जानेवारीतला रविवार होता, इंदूरच्या रामबागेतलं आत्याचं घर. चिन्मयनं येताना सराफ्यातून गराडू, म्हणजे कंदाचे तळलेले तुकडे, आणले होते, ते कागदावरच निवत होते. आत्या माझ्या डाव्या हाताला, चिन्मय तिच्या डावीकडे, मग पुन्हा मी. हा क्रम लक्षात ठेवा, कारण क्लूडोत प्रश्नाला उत्तर देण्याची पहिली पाळी डावीकडच्याची असते.

हा खेळ ब्रिटनमध्ये १९४९ साली बाजारात आला आणि त्याचा गाभा तेव्हापासून तोच आहे. सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या, मिळून २१ पत्ते. प्रत्येक गटातला एकेक पत्ता न बघता पाकिटात जातो. म्हणजे पाकिटात काय असेल याच्या ३२४ शक्यता. उरलेले १८ वाटले जातात, तिघांत सहा-सहा. तुमची सोंगटी ज्या खोलीत आहे त्या खोलीचं नाव घेऊन तुम्ही एक संशयित आणि एक हत्यार विचारता. डावीकडच्याकडे त्या तिघांपैकी काही असेल तर तो एकच पत्ता, फक्त तुम्हाला दाखवतो. नसेल तर प्रश्न पुढच्याकडे. आरोप, म्हणजे पाकिटातले तीन पत्ते कोणते ते सांगणं, मात्र डावात एकदाच करता येतो. चुकला तर पाळी संपली, पुढे फक्त इतरांच्या प्रश्नांना पत्ते दाखवत बसायचं.

माझा तक्ता साधा असतो. २१ ओळी, चार रकाने: मी, आत्या, चिन्मय, पाकीट. ज्याच्याकडे पत्ता नक्की आहे तिथे बरोबरची खूण, नक्की नाही तिथे फुली. डब्यात मिळणाऱ्या छापील कागदावर बहुतेक जण फक्त ‘मला काय दाखवलं’ एवढंच खोडतात. खरा माल असतो तो इतरांच्या प्रश्नोत्तरांत. कुणी ‘नाही’ म्हणालं की त्याच्या रकान्यात एकदम तीन फुल्या पडतात. आणि आत्याच्या प्रश्नावर चिन्मयनं तिला काहीतरी दाखवलं, पण मला दिसलं नाही, तर चिन्मयच्या रकान्यात त्या तिन्ही पत्त्यांसमोर मी बारीक अक्षरात एकच आकडा लिहितो. त्याचा अर्थ, या तिघांतला निदान एक त्याच्याकडे आहे. पुढे त्या तिघांतल्या दोघांवर फुली पडली की तिसरा न बघता कळतो.

त्या दिवशी असंच झालं. आत्यानं विचारलं होतं, ‘मिसेस व्हाइट, शिशाचा पाइप, स्टडी’. चिन्मयनं काहीतरी दाखवलं. व्हाइट तर माझ्याच हातात होती. दोन पाळ्यांनंतर आत्यानं मला तिच्याकडचा पाइप दाखवला. म्हणजे चिन्मयनं तेव्हा दाखवलेली स्टडीच. मी मनातल्या मनात खूश होऊन एक गराडू उचलला.

आणखी एक गोष्ट म्हणजे रकान्याची बेरीज. प्रत्येकाकडे सहाच पत्ते. सहा खुणा पूर्ण झाल्या की उरलेल्या सगळ्या फुल्या. ही बेरीज लोक विसरतात, आणि पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा असतो.

तर सातव्या फेरीला माझा तक्ता असा होता. माझे सहा पत्ते: मस्टर्ड, व्हाइट, दोरी, मेणबत्तीचा स्टँड, किचन, हॉल. आत्याचे चार नक्की: पीकॉक, पाइप, लाउंज, कॉन्झर्व्हेटरी. चिन्मयचे पाच नक्की: स्कार्लेट, रिव्हॉल्व्हर, बॉलरूम, डायनिंग, स्टडी. उरले सहा पत्ते. संशयितांत ग्रीन आणि प्लम, हत्यारांत खंजीर आणि पाना, खोल्यांत लायब्ररी आणि बिलियर्ड रूम. प्रत्येक जोडीतला एक पाकिटात. उरलेल्या तिघांतले दोन आत्याकडे, एक चिन्मयकडे.

आणि एक जुनी नोंद अजून सुटायची होती. आत्यानं मागच्याच फेरीत विचारलं होतं, ‘प्लम, पाना, लायब्ररी’, आणि चिन्मयनं तिला एक पत्ता दाखवला होता. त्याच्या पाच माहीत पत्त्यांत यांतला एकही नव्हता. म्हणजे त्याचा सहावा पत्ता या तिघांपैकीच एक. मग माझ्या लक्षात आलं की आता सगळ्या शक्यता कागदावर मावतात. बोटं मोडली आणि मांडल्या:

१. चिन्मय प्लम, आत्या खंजीर, लायब्ररी, पाकीट ग्रीन-पाना-बिलियर्ड
२. चिन्मय प्लम, आत्या खंजीर, बिलियर्ड, पाकीट ग्रीन-पाना-लायब्ररी
३. चिन्मय प्लम, आत्या पाना, लायब्ररी, पाकीट ग्रीन-खंजीर-बिलियर्ड
४. चिन्मय प्लम, आत्या पाना, बिलियर्ड, पाकीट ग्रीन-खंजीर-लायब्ररी
५. चिन्मय पाना, आत्या ग्रीन, लायब्ररी, पाकीट प्लम-खंजीर-बिलियर्ड
६. चिन्मय पाना, आत्या ग्रीन, बिलियर्ड, पाकीट प्लम-खंजीर-लायब्ररी
७. चिन्मय पाना, आत्या प्लम, लायब्ररी, पाकीट ग्रीन-खंजीर-बिलियर्ड
८. चिन्मय पाना, आत्या प्लम, बिलियर्ड, पाकीट ग्रीन-खंजीर-लायब्ररी
९. चिन्मय लायब्ररी, आत्या ग्रीन, खंजीर, पाकीट प्लम-पाना-बिलियर्ड
१०. चिन्मय लायब्ररी, आत्या ग्रीन, पाना, पाकीट प्लम-खंजीर-बिलियर्ड
११. चिन्मय लायब्ररी, आत्या प्लम, खंजीर, पाकीट ग्रीन-पाना-बिलियर्ड
१२. चिन्मय लायब्ररी, आत्या प्लम, पाना, पाकीट ग्रीन-खंजीर-बिलियर्ड

“अरे, तू तर बहीखाता घेऊन बसलास,” आत्या म्हणाली. “खेळ ना.”

पत्ते नीट पिसलेले असतील तर या बारा ओळी सारख्याच संभवतात. पाकिटं मात्र बारा नाहीत. ग्रीन-खंजीर-बिलियर्ड तीन ओळींत येतं (३, ७, १२), बाकीची एकेका किंवा दोन-दोन ओळींत. ग्रीन आठ ओळींत पाकिटात आहे, प्लम चारच. आता प्रश्न असा की विचारायचं काय.

पूर्वी मी अशा वेळी दोन भरतीचे पत्ते लावायचो. म्हणजे हत्यार माझी दोरी, खोली माझा हॉल, आणि अनोळखी फक्त एक. उत्तर स्वच्छ येतं, संदिग्धता नाही. तरी त्यातही निवड असते. ग्रीन विचारला तर तो चिन्मयकडे असूच शकत नाही, म्हणून उत्तरं दोनच: आत्याकडे (चार ओळी) किंवा कुणाकडेच नाही (आठ ओळी). प्लम विचारला तर तीन उत्तरं: आत्याकडे, चिन्मयकडे, कुणाकडेच नाही, प्रत्येकी चार ओळी. गंमत म्हणजे दोन्ही प्रश्न एकाच जोडीबद्दल आहेत. तरीही ज्या पत्त्याचे जास्त रकाने उघडे आहेत तो विचारलेला बरा. मला हे कळायला बरेच डाव लागले.

पण एकच अनोळखी पत्ता विचारणं म्हणजे पाळीचा अर्धा वापर. म्हणून तीन अनोळखी. मला आधी मोह झाला प्लम-पाना-लायब्ररीचाच, कारण या तिघांचे रकाने सर्वांत उघडे आणि उत्तरंही सहा प्रकारची येऊ शकतात. एकेका ओळीला विचारून पाहिलं: दुसऱ्या ओळीत आत्याकडे यांतलं काही नाही, चिन्मय प्लम दाखवेल, डाव सुटला. सहाव्या आणि नवव्या ओळीतही तसंच. पण उरलेल्या नऊ ओळींत आत्याच काहीतरी दाखवणार. समजा तिनं प्लम दाखवला. तो आठव्या आणि अकराव्या ओळीत तिच्याकडचा एकमेव पर्याय आहे. सातव्या आणि बाराव्यात तिच्याकडे दोन पर्याय, म्हणून त्या ओळी मी अर्ध्या धरतो. बेरीज तीन, आणि ती तीन वेगवेगळ्या पाकिटांत सारखी वाटली जाते. म्हणजे प्रश्न विचारूनही तीनांतला एक अंदाज. प्रत्येक उत्तरानंतर सर्वांत जड पाकीट कोणतं ते घेऊन वजनं मिळवली तर बारापैकी सहा. निम्म्या वेळा बरोबर.

मग ग्रीन-खंजीर-बिलियर्ड लावून पाहिलं. कुणीच काही दाखवलं नाही, तर ३, ७, १२ या तिन्ही ओळींचं पाकीट एकच, तेच. आत्यानं खंजीर दाखवला तर पहिली आणि अकरावी ओळ पूर्ण, दुसरी आणि नववी अर्धी; तीनपैकी दोन वजन एकाच पाकिटावर, ग्रीन-पाना-बिलियर्डवर. ग्रीन दाखवला किंवा बिलियर्ड दाखवली तरी हेच प्रमाण. बेरीज बारापैकी नऊ. उत्तरं चारच, सहा नाहीत, आणि तरी प्रश्न जास्त चांगला. कारण असं की ग्रीन पाकिटात आहे असं मला आधीच बारापैकी आठ वाटतंय. प्लम दाखवून आत्या मला तेच पुन्हा सांगते. ग्रीन दाखवला तर मात्र उलटंपालटं होतं. त्या दिवसापासून मी किती प्रकारची उत्तरं येतात ते मोजणं सोडलं. उत्तर आल्यावर मागे किती शिल्लक राहतं ते मोजतो.

यात एक तोटा आहे, तो सांगतो. कुणीच दाखवलं नाही तर ते सगळ्या टेबलाला ऐकू जातं. आपण लगेच त्याच पाळीत आरोप करणार असू तरच तो प्रश्न परवडतो. आमच्याकडे त्याच पाळीत आरोप चालतो.

हे सगळं झालं आणि फासे टाकले. बिलियर्ड रूमला सात हवे होते. पडले पाच. लायब्ररीत शिरता येत होतं.

क्लूडोतली खरी अडचण हीच. तक्ता सांगतो एक, पाय नेतात दुसरीकडे. लायब्ररीतून सर्वांत चांगला प्रश्न कोणता ते पुन्हा मोजलं. ग्रीन-खंजीर-लायब्ररी: चौथ्या आणि आठव्या ओळीत कुणीच दाखवणार नाही, बाराव्यात चिन्मय लायब्ररी दाखवेल, आत्यानं लायब्ररी दाखवली तर तीनपैकी दोन, खंजीर किंवा ग्रीन दाखवला तर तीनपैकी दीड. बारापैकी आठ. नवाच्या जवळ आहे, एक पाळी थांबण्यापेक्षा बरं. तोवर आत्याची पाळी येऊन गेली असती.

“मामा, आज संपेल ना डाव?” चिन्मय म्हणाला.

मी विचारलं. आत्यानं हातातले पत्ते जरा वर धरले, एक निवडला आणि टेबलाखालून दाखवला. लायब्ररी.

तक्त्यात पाहिलं. तिसरी आणि सातवी ओळ पूर्ण: ग्रीन-खंजीर-बिलियर्ड. पहिली अर्धी: ग्रीन-पाना-बिलियर्ड. पाचवी अर्धी: प्लम-खंजीर-बिलियर्ड. खोली पक्की, बाकी तीनपैकी दोन. पुढची पाळी आत्याची, आणि तिला किती माहीत आहे ते मला कळायचा मार्ग नव्हता. तीनपैकी दोन ही वाईट बोली नाही. मी आरोप केला. ग्रीन, खंजीर, बिलियर्ड रूम.

पाकीट हळूच उघडून बघितलं. ग्रीन. बिलियर्ड रूम. पाना.

नियमाप्रमाणे पत्ते परत आत ठेवले आणि “चुकलं” म्हणालो. चेहरा सरळ ठेवणं सर्वांत कठीण गेलं. आत्यानं तिची पाळी घेतली, कुठेही न जाता म्हणाली, “ग्रीन, पाना, बिलियर्ड,” आणि पाकीट स्वतःच उघडलं. माझ्या आरोपानं तिला फुकटात कळलं होतं की ग्रीन आणि बिलियर्ड माझ्याकडे नाहीत. खंजीर तर तिच्याच हातात होता, म्हणून मी चुकणार हे तिला माझ्या आधी माहीत होतं.

तीनपैकी एक वेळा चुकणारच, असं स्वतःला सांगून मी झोपायचा प्रयत्न केला. झोप लागली नाही. हिशेबात एक गोष्ट टोचत होती. बारा ओळी सारख्या धरल्या त्या पत्ते पिसलेले म्हणून. पण ‘प्लम, पाना, लायब्ररी’ हा प्रश्न पिसून आलेला नव्हता, तो आत्यानं निवडला होता. आणि तो तिनं तिच्या हातातले पत्ते बघून निवडला असणार.

उठून दिवा लावला. कागदाच्या कोपऱ्यात मी प्रत्येक प्रश्न लिहून ठेवतो, ती सवय तेव्हा कामाला आली. डाव संपल्यामुळे आता आत्याचे सहाही पत्ते माहीत होते. व्हाइट-पाइप-स्टडी: तिच्याकडे त्यातला पाइप. पीकॉक-दोरी-बॉलरूम: तिच्याकडे पीकॉक. ग्रीन-रिव्हॉल्व्हर-कॉन्झर्व्हेटरी: तिच्याकडे कॉन्झर्व्हेटरी. प्लम-पाना-लायब्ररी: लायब्ररी. प्रत्येक प्रश्नात नेमका एक स्वतःचा. दोन कधी नाहीत, शून्य कधी नाही.

ही अट बारा ओळींना लावून पाहिली. प्लम, पाना, लायब्ररी यांपैकी आत्याकडे नेमका एक हवा. ३, ७, १२ या ओळींत तिच्याकडे दोन आहेत. म्हणजे गेल्या. २, ६, ९ मध्ये एकही नाही. त्याही गेल्या. उरल्या सहा: १, ४, ५, ८, १०, ११. आणि माझं लाडकं पाकीट, ग्रीन-खंजीर-बिलियर्ड, ज्या तीन ओळींत होतं त्याच तीन ओळी गेल्या होत्या. मी ज्यावर तीनपैकी दोन म्हणून बोली लावली त्याची शक्यता शून्य होती.

आणखी चिडचिड करणारी गोष्ट पुढे. या सहा ओळींत तीनच पाकिटं उरतात, दोन-दोन ओळींची. बिलियर्ड रूममध्ये पोचून ग्रीन-खंजीर-बिलियर्ड विचारलं असतं तर आत्यानं खंजीर, ग्रीन किंवा बिलियर्ड यांपैकी जे दाखवलं असतं त्यावरून पाकीट नक्की ठरलं असतं, सहाच्या सहा ओळींत. लायब्ररीतूनही फक्त एकाच उत्तरानं अडलं असतं, आत्यानं लायब्ररी दाखवली तर. तेव्हा पहिली आणि पाचवी ओळ उरते, अर्धी-अर्धी. तिनं नेमकी तीच दाखवली. अशा वेळी आरोप न करता गप्प बसून पुढची पाळी घ्यायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना तिला विचारलं, तू नेहमी स्वतःचा एकच पत्ता का लावतेस? आत्यानं आयुष्यभर रमी खेळली आहे, क्लूडो चारच वर्षं.

“एक घरचा, दोन बाजारचे,” ती म्हणाली. “सगळे बाजारचे विचारले तर चिन्मयनं कुठला दाखवला त्यात माझं डोकं गोंधळतं. दोन घरचे नेले तर बाजारात गेले कशाला?”

मी तिला बारा ओळी दाखवल्या, कोणत्या कशा खोडल्या ते समजावलं. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं, मान डोलावली आणि कागद घडी घालून कपाखाली ठेवला.

आता माझ्या तक्त्यात पाचवा रकाना आहे. प्रश्न कुणी विचारला, आणि डाव संपल्यावर त्यातले किती पत्ते त्याचेच निघाले. चिन्मयचा काही नमुना सापडत नाही, तो जी सोंगटी दिसेल तिचं नाव घेतो. आत्याचे तीन डावांचे सतरा प्रश्न तपासले, सतराही एक-घरचे होते.

पुढच्या रविवारी तिनं पहिलाच प्रश्न विचारला, ‘पीकॉक, दोरी, हॉल’. मी तक्त्यात तिच्याकडे यातला एकच, असं धरून तीन फेऱ्या खेळलो. डाव चिन्मयनं जिंकला, चुकून. पत्ते उलटे केले तेव्हा आत्याकडे पीकॉकही होती आणि दोरीही.

“सांगितलंस तर बदलणारच ना रे,” ती म्हणाली, आणि कप उचलून स्वयंपाकघरात गेली.